दिवाळी ऑक्टोबरात येत नाही, ती आश्विनात येते

गुलमंडीवर माझ्या मावसभावाचं मिठाईचं दुकान आहे. दिवाळीच्या तोंडावर तिथल्या गर्दीतून चालून बघा, पाय जमिनीला टेकत नाहीत. या दुकानाची एक गोष्ट बरेच दिवस लिहायची होती. चूक माझी होती, आणि मावशी हा ब्लॉग वाचते, त्यामुळे टाळत होतो. (आकडे थोडे बदलले आहेत आणि गोल केले आहेत. दुकानाची खरी विक्री इथे मांडली तर दादा मला पुन्हा इमरती देणार नाही!)

झालं असं, की २०२३ च्या सप्टेंबरात दादा म्हणाला, "तू आकडेमोड शिकलास ना? मग सांग, ऑक्टोबर-नोव्हेंबरात किती माल लागेल?" मी उत्साहाने बिलांचे महिनावार आकडे एक्सेलमध्ये भरले आणि पुस्तकात शिकलेली रीत लावली. रीत सोपी आहे. बारा-बारा महिन्यांची सरासरी एकेक महिना पुढे सरकवत काढायची. वर्षातले सगळे चढउतार तिच्यात एकदाच येतात आणि एकमेकांना खाऊन टाकतात, म्हणून ती धंद्याची मूळ पातळी दाखवते. बारा ही सम संख्या असल्याने सरासरी दोन महिन्यांच्या मधोमध पडते, म्हणून लागोपाठच्या दोन सरासऱ्यांची पुन्हा सरासरी घ्यायची. मग महिन्याच्या विक्रीला या पातळीने भागायचं. उत्तर १.५ आलं तर तो महिना नेहमीपेक्षा दीडपट. असे दरवर्षीचे भागाकार घेऊन त्यांची सरासरी काढली, की झाला त्या महिन्याचा हंगामी निर्देशांक. शेवटी बाराही निर्देशांकांची बेरीज बारा होईल एवढी किरकोळ दुरुस्ती करायची.

माझ्याकडे दोनच वर्षं धड होती. २०२१ मधले लॉकडाऊनचे महिने अंदाजाने भरून घेतले होते. त्या वर्षी ऑक्टोबर आला १.३ आणि नोव्हेंबर १.६. २०२२ मध्ये ऑक्टोबर २.१ आणि नोव्हेंबर ०.८. सरासरी काढली, ऑक्टोबर १.७, नोव्हेंबर १.२. मूळ पातळी महिना ४ लाख धरली, म्हणजे ऑक्टोबरात ६.८ लाख आणि नोव्हेंबरात ४.८ लाख. दादाने माझ्यावर विश्वास ठेवून पाच ऑक्टोबरपासून दोन जादा कारागीर बोलावले, त्यांना उचल दिली.

काका, म्हणजे दादाचे वडील, गल्ल्यावरून एवढंच म्हणाले, "यंदा अधिक श्रावण होता. दिवाळी लांब गेली." मी मान डोलावली. ऐकलं मात्र नाही.

ऑक्टोबरची विक्री झाली साडेचार लाख. कारागीर बसून होते, आणि खवा काही बसून राहत नाही. त्यातला बराच फेकावा लागला. नोव्हेंबरात नेमकं उलटं. धनत्रयोदशीला संध्याकाळी सात वाजता काउंटर रिकामं, बाहेर गिऱ्हाईक उभं. साडेसात लाखांची विक्री झाली, आणि परत गेलेलं गिऱ्हाईक तर बिलात दिसतच नाही.

आता गंमत बघा. दोन महिन्यांचा माझा एकत्र अंदाज होता ११.६ लाख आणि विक्री झाली १२ लाख. बेरीज जवळजवळ बरोबर, वाटणी पार चुकलेली! लक्ष्मीपूजन २०२१ मध्ये ४ नोव्हेंबरला, २०२२ मध्ये २४ ऑक्टोबरला आणि २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला होतं. मी ज्याची सरासरी काढली तो ऑक्टोबर कुठल्याच वर्षी आलेला नव्हता. अर्धी दिवाळी असलेला ऑक्टोबर पंचांगात नसतो, तो फक्त माझ्या तक्त्यात होता.

आणि हे आधीच कळण्यासारखं होतं. १.३ आणि १.६ ची बेरीज २.९. २.१ आणि ०.८ ची बेरीजही २.९. शेजारचे दोन महिने दरवर्षी उड्या मारतात पण त्यांची बेरीज हलत नाही, तेव्हा समजावं की धंदा बदललेला नाही, सण इकडून तिकडे सरकतोय. ही खूण मला तेव्हा दिसायला हवी होती.

त्याहून आत एक खोच आहे, ती मला नंतर उमगली. बारा महिन्यांच्या सरासरीत प्रत्येक सण एकदाच येतो हे गृहीतच आपल्याकडे खोटं आहे. नोव्हेंबर २०२२ ते ऑक्टोबर २०२३ हे बारा महिने घ्या. त्यात एकही दिवाळी नाही! नोव्हेंबर २०२३ ते ऑक्टोबर २०२४ मध्ये मात्र एक पूर्ण आणि दुसरीची बहुतेक खरेदी, कारण २०२४ चं लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होतं. ऑक्टोबर २०२२ चे ८.४ लाख जाऊन ऑक्टोबर २०२३ चे साडेचार लाख आले, तशी आमची सरासरी एका फटक्यात बत्तीस हजारांनी, म्हणजे आठ टक्क्यांनी उतरली. दादाला वाटलं धंदा बसतोय. बसत काहीच नव्हतं.

माझं मत आता असं झालं आहे, की आपल्याकडच्या मिठाईच्या दुकानाला कॅलेंडरच्या महिन्याचा निर्देशांक जसाच्या तसा लावूच नये. आधी सण बाजूला काढावा. आम्ही लक्ष्मीपूजनाच्या पंधरा दिवस आधीपासून भाऊबीजेपर्यंतची रोजची बिलं वेगळी केली आणि साध्या दिवसांपेक्षा त्यात किती जास्त विकलं ते मोजलं. २०२२ मध्ये ते भरलं सुमारे ४ लाख, म्हणजे मूळ पातळीचा एक अख्खा महिना. ते वजा केल्यावर ऑक्टोबर राहतो १.१ आणि नोव्हेंबर ०.८. मग पंचांग उघडून तो जादा महिना जिथे दिवाळी असेल तिथे ठेवायचा. २०२३ साठी असं केलं असतं तर अंदाज आला असता ४.४ आणि ७.२ लाख. दोन्ही जवळपास बरोबर.

याने सगळं सुटतं असं नाही. अधिक मास साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी येतो आणि दरवेळी वेगळा. २०२० मध्ये आश्विन, २०२३ मध्ये श्रावण, २०२६ मध्ये ज्येष्ठ, १७ मे ते १५ जून. जावयाच्या वाणासाठी तेहतीस-तेहतीस अनारसे जातात, पण ऐन मे महिन्यातल्या लग्नांच्या ऑर्डरी थांबतात, कारण अधिकात लग्नं होत नाहीत. २०२३ च्या अधिक श्रावणावरून यातलं दुसरं कळणारच नाही, श्रावणात तशीही लग्नं नसतात. शिवाय गुलमंडीवर दुसरंही पंचांग चालतं. रमजान ईद २०२३ मध्ये २२ एप्रिलला होती, २०२५ मध्ये ३१ मार्चला. तिला अधिक मास नाही, ती दरवर्षी दहा-अकरा दिवस मागेच सरकते. अशा एखाददुसऱ्या अनुभवाची सरासरी काढण्यात अर्थ नाही. तिथे विचारावंच लागतं.

कोणाला, ते आता मला माहीत आहे. काकांची जुनी वही मागून घेतली. रोजच्या विक्रीपुढे तारीख आहे, पण तिच्या आधी तिथी लिहिलेली आहे. चाळीस वर्षांची वही घरात होती, आणि मी दोन वर्षांची बिलं घेऊन बसलो होतो.

असो. मावशी, त्या खव्याबद्दल सॉरी.