बिचाऱ्या बॅटरीला किती बोल लावणार?

कुणी गावाला निघालं की मागे राहणाऱ्याला एक सूचना हमखास मिळते, "रविवारी स्कूटर पाच मिनिटं नुसती चालू करून ठेव हं!" माझं स्पष्ट मत आहे, की या पाच मिनिटांचा फारसा उपयोग नाही. सेल्फ मारताना बॅटरी जेवढं खर्च करते, तेवढं जागेवर फुरफुरणाऱ्या इंजिनाकडून तिला पाच मिनिटांत परत मिळत नाही. चालवायचीच तर वीस मिनिटं रस्त्यावर चालवा.

आणि गाडी रुसली की सगळे बॅटरीवरच का घसरतात, कळत नाही. शेजारच्या काकू पावसाळ्यात दोन महिने मुलीकडे राहून आल्या. स्कूटर जुनी, कार्बोरेटरवाली. सेल्फ मारला तर नुसतं 'टक टक'. लगेच नवी बॅटरी बसली. आता इंजिन झोकात फिरायला लागलं, पण चालू काही होईना! म्हणजे बॅटरी उतरलेली होती हे खरं, पण खरं दुखणं पेट्रोलचं होतं.

टाकीत लिटरभर तरी पेट्रोल असतं आणि वर घट्ट झाकण. कार्बोरेटरच्या वाटीत मात्र जेमतेम काही चमचे, तेही हवेशी संपर्कात. त्यातला चटकन पेटणारा हलका भाग आधी उडून जातो आणि मागे चिकट राळ उरते. कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू सैल करून वाटी बाटलीत रिकामी केली, तर पिवळसर, व्हार्निशसारख्या वासाचं पेट्रोल निघालं. (हे काम इंजिन गार असताना, मोकळ्या हवेत आणि देवघरातल्या निरांजनापासून लांब!) टाकीत ताजं पेट्रोल घालून दहा-बारा किका मारल्यावर गाडी चोकवर सुरू झाली, पण चोक काढला की बंद.

ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. चोकवर चालते आणि एरवी जागेवर मरते, याचा अर्थ बहुधा पायलट जेटचं केसाएवढं भोक बुजलंय. मेकॅनिकने जेट काढून क्लीनर आणि हवेच्या झोताने साफ केलं. तारेने टोकरू देऊ नका, भोक मोठं झालं की गाडी जास्त पेट्रोल प्यायला लागते.

तेव्हा मंडळी, महिनाभर बाहेर जाणार असाल तर निघण्याआधी वाटी रिकामी करा आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा. दहा मिनिटांचं काम. २०२० नंतरच्या इंजेक्शनवाल्या गाड्यांना कार्बोरेटरच नाही, पण वायरीचा सल्ला त्यांनाही लागू.

काकूंची जुनी बॅटरी मी चार्जरवर लावून पाहिली. ठणठणीत निघाली.