निदान एवढं तरी सांगा

लॅबच्या पीडीएफवर मी मागे लिहिलं तेव्हा दोन-तीन लॅबवाले रागावले होते. या आठवड्यात त्यांना पुन्हा रागावायची संधी देते. माझ्या मामेबहिणीच्या स्तनातल्या गाठीचा बायॉप्सी रिपोर्ट शनिवारी रात्री साडेनऊला तिच्या मुलाच्या फोनवर येऊन पडला. डॉक्टरांची वेळ सोमवारी सकाळची होती. मधल्या रविवारी घरात चूल पेटली नाही, कारण रिपोर्टात ‘ग्रेड ३’ लिहिलेलं होतं आणि सगळ्यांनी ते ‘तिसरी स्टेज’ असं वाचलं.

सोमवारी आम्ही पाच जण केबिनमध्ये कोंबून बसलो. डॉक्टर म्हणाले, “कॅन्सर आहे, हे नक्की.” भाच्याने लगेच विचारलं, “किती वर्षं?” डॉक्टर म्हणाले, “ते आज नाही सांगता येणार.” बाहेर आल्यावर भावजी वैतागले, “पाचशे रुपये घेतले आणि निदान काही सांगावं की नाही?”

आपल्या भाषेची गंमत बघा. ‘निदान’ म्हणजे रोग ओळखणं आणि ‘निदान’ म्हणजे किमान. डॉक्टरांनी पहिलं सांगितलं होतं, भावजींना दुसरं हवं होतं. भावजी मागत होते ते निदान नव्हतंच, ते प्रोग्नोसिस होतं, म्हणजे आजार पुढे कसा वळेल याचा अंदाज. यासाठी रोजच्या मराठीत शब्द उरलेला नाही. चरकसंहितेत मात्र सुखसाध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य आणि असाध्य अशी चार खणांची मांडणी आहे. त्यातला ‘याप्य’ फार कामाचा: आजार पुरता जात नाही, पण औषध चालू आहे तोवर आटोक्यात राहतो. मधुमेहाला हा शब्द चपखल बसतो. तो आपण विसरलो आणि आपल्याकडे ‘बरा होईल’ आणि ‘संपलं’ एवढे दोनच खण उरले.

आता त्या ग्रेडचं. ग्रेड म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मूळच्या पेशींपेक्षा किती वेगळ्या दिसतात आणि किती वेगाने विभागतात याचे गुण. स्टेज म्हणजे आजार किती पसरला आहे. पेशीचा स्वभाव सुईने काढलेल्या तुकड्यात दिसतो, पसारा दिसत नाही. बहिणीची गाठ सोनोग्राफीत १.८ सेंटिमीटरची होती आणि काखेत संशयास्पद काही नव्हतं. म्हणजे ग्रेड तिसरी असली तरी आजच्या हिशेबाने स्टेज पहिली. ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी तपासल्यावर ते पक्कं होईल. डॉक्टर थांबायला सांगत होते ते यासाठी.

रिपोर्टात आणखी एक ओळ होती, तिच्याकडे घरात कुणी पाहिलंच नाही: हर-टू ३+. मला सगळ्यात बोलकी वाटते ती हीच. समजा, १९९५ साली एका बाईचा आणि आज माझ्या बहिणीचा रिपोर्ट अक्षरशः सारखा आहे. तीच गाठ, तीच ग्रेड, तेच हर-टू. त्या काळी ही ओळ वाचून डॉक्टरांचा चेहरा पडला असता, कारण असा कॅन्सर आक्रमक आणि त्यावर नेम धरणारं औषध हाताशी नव्हतं. १९९८ मध्ये अमेरिकेत ट्रास्टुझुमॅब या अशा औषधाला मान्यता मिळाली, ती पसरलेल्या आजारासाठी. २००५ मध्ये आलेल्या अभ्यासांत दिसलं, की सुरुवातीच्या टप्प्यात केमोच्या जोडीला हे औषध दिलं तर आजार उलटण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर येतं. निदानातलं एक अक्षर बदललं नाही, भाकीत मात्र पार बदललं. त्यातही हे औषध साधारण वर्षभर घ्यावं लागतं, अधूनमधून हृदयाची तपासणी करावी लागते आणि खर्च झेपावा लागतो. म्हणजे भाकीत रिपोर्टात छापलेलं नसतं. त्यातला काही भाग उपचारांत असतो आणि काही, बोलायला नको, पण खिशातही.

डॉक्टरमंडळींनीही फार फुशारू नये. २००० साली प्रसिद्ध झालेल्या शिकागोतल्या एका अभ्यासात ३४३ डॉक्टरांनी शेवटच्या टप्प्यातल्या ४६८ रुग्णांचं आयुष्य किती उरलं याचा अंदाज दिला. बरोबर ठरले २० टक्के, ६३ टक्के गरजेपेक्षा आशावादी. रुग्णाशी ओळख जितकी जुनी, तितका अंदाज चुकीचा. म्हणजे आपले जिव्हाळ्याचे फॅमिली डॉक्टर या बाबतीत बिनभरवशाचे!

म्हणून केबिनमध्ये जाताना दोन प्रश्न वेगवेगळ्या कागदांवर लिहून न्या. पहिला, “काय झालंय, आणि ते पक्कं आहे का?” दुसरा, “पुढचं सांगायला अजून कोणती तपासणी बाकी आहे, आणि ती आल्यावर आपण कधी बोलायचं?” दुसऱ्याचं उत्तर तारखेसह घ्या. आमची तारीख पुढच्या गुरुवारची आहे. आणि लॅबवाल्यांनो, शनिवारी रात्रीचा रिपोर्ट निदान सोमवारी सकाळी पाठवा.