नकाशातली रेघ आणि बिजासनी माय

गेल्या दिवाळीच्या सुटीत आम्ही सहा मित्र जीप करून शिरपूरहून महेश्वर आणि मांडवगड पाहून आलो. आल्यावर या दोन दिवसांच्या प्रवासाचा चौदा मिनिटांचा व्लॉग तयार केला. हल्लीच्या व्लॉगांत दोन गोष्टी हमखास असतात. एक म्हणजे नकाशावर आपोआप पुढे सरकणारी रेघ, आणि दुसरी म्हणजे ठिकाणागणिक पाडलेली प्रकरणे, जेणेकरून पाहणाऱ्याला हव्या त्या ठिकाणावर एकदम जाता यावे. आम्हीही दोन्ही केल्या. त्या करताना आमच्या ज्या चुका झाल्या त्यांवरून माझे एक मत बनले आहे. नकाशा आणि प्रकरणे ही व्लॉगाची शोभा नव्हे. आपण कोठून कोठे आणि कसे गेलो याचा तो जबाब आहे, आणि जबाब खोटा असू नये.

आमच्या पहिल्या व्लॉगात नकाशा सहा सेकंदांचा होता. शिरपूरवर एक टिंब, मांडवगडवर एक टिंब आणि मधून कमानीसारखी उडत जाणारी रेघ. रेघेच्या टोकाला विमान बसवावे असा एका मित्राचा आग्रह होता. शिरपूरजवळ धावपट्टी आहे हे खरे, पण आम्ही तिच्याकडे फिरकलोही नव्हतो! हा व्लॉग मी घरी आईला दाखवला. आई शाळेत गेलेली नाही आणि नकाशा पाहण्याचा तिला सराव नाही. तिने ती रेघ उडताना पाहिली आणि एकच प्रश्न विचारला, "बिजासनी माय कोठे शे?"

प्रश्न साधा होता, पण मी निरुत्तर झालो. नवस फेडायला आई दोनदा बिजासनला गेली आहे. पळासनेर सोडले की घाट लागतो, राज्य बदलते आणि सातपुड्यात सेंधव्याच्या अलीकडे बिजासनीचे ठाणे येते, एवढा रस्ता तिला पाठ आहे. तिच्या जगाची ती उत्तर सीमा. तिथपर्यंतचा रस्ता नकाशात दिसला असता तर त्याच्यापुढे मुलगा किती आणि कोणीकडे गेला हे तिला आपसूक कळले असते. आमच्या कमानीने नेमका तिच्या ओळखीचाच मुलूख उडवून लावला होता.

म्हणून आम्ही नकाशा नव्याने करायला घेतला. रेघ खऱ्या रस्त्यावरून जावी म्हणून एका मित्राने प्रवासात मोबाइलवर वाटेची नोंद चालू ठेवली होती. ती उघडली तेव्हा घाटापासून जुलवानियापर्यंत रेघ डोंगरावरून सरळ ताणलेली निघाली. बॅटरी वाचवण्याच्या सोयीने मोबाइलने ती नोंद मध्येच थांबवली होती आणि पुढे चालू झाल्यावर दोन टोके सरळ जोडून टाकली होती. अशी चूक ओळखणे सोपे आहे. घाटाच्या जागी रेघ पट्टीने मारल्यासारखी दिसली की समजावे, नोंद तुटलेली आहे. मग आम्ही रस्त्यांच्या नकाशाचे चित्र घेतले आणि धुळे-इंदूर महामार्गावरून, म्हणजे जुन्या आग्रा रोडवरून, बोटाने रेघ गिरवली: शिरपूर, पळासनेर, बिजासन, सेंधवा, जुलवानिया, ठिकरी, खलघाट, धामणोद आणि तेथून उजवीकडे वळून महेश्वर. नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा होता, म्हणून कोपऱ्यात त्याचे नाव दिले. फुकट मिळाले तरी श्रेय द्यावेच लागते.

ही रेघ हलती करण्याची युक्ती सोपी आहे. रेघ नकाशापासून वेगळ्या, पारदर्शक चित्रावर काढायची, ते चित्र नकाशावर ठेवायचे, त्यावर एक झाकण घालायचे आणि ते झाकण काही सेकंदांत सरकवायचे. झाकण सरकेल तशी रेघ उघडी पडते आणि आपल्याला ती चालल्यासारखी वाटते. शिरपूर नकाशात खाली आणि धामणोद वर, म्हणून आम्ही झाकण खालून वर सरकवले. खलघाटपर्यंत सारे ठीक चालले. पुढे मात्र विचित्र प्रकार झाला. रेघ अजून धामणोदला पोचली नाही तोच महेश्वरजवळ तिचा दुसरा तुकडा आपोआप उगवला, आणि आम्ही एकाच वेळी दोन ठिकाणी असल्यासारखे दिसू लागलो!

कारण शोधायला एक संध्याकाळ गेली. महेश्वर धामणोदच्या पूर्वेला आहे, पण किंचित दक्षिणेलाही आहे. म्हणजे नकाशात ते धामणोदच्या थोडे खाली येते. झाकण खालून वर सरकताना आधी महेश्वर उघडे पडते आणि मग धामणोद. झाकणाला रस्ता कळत नाही, त्याला फक्त खाली आणि वर कळते. तेव्हा रस्ता जेथे दिशा बदलतो तेथे रेघ तोडली पाहिजे. आम्ही चार तुकडे केले. शिरपूर ते धामणोद खालून वर, धामणोद ते महेश्वर डावीकडून उजवीकडे, महेश्वरहून परत धामणोद उजवीकडून डावीकडे आणि धामणोद ते मांडवगड पुन्हा खालून वर. परतीचा तुकडा पहिल्याच्या अंगावर पडून दिसेनासा होत होता, म्हणून तो जरा बाजूला सरकवून दुसऱ्या रंगात काढला.

येथे आणखी एक खोटेपणा टाळावा लागला. पहिला तुकडा शंभर किलोमीटरांहून अधिक, तर धामणोद ते महेश्वर जेमतेम तेरा-चौदा. दोन्हींना सारखेच सेकंद दिले आणि दुसऱ्या वेळी नकाशा जवळ आणून मोठा केला, तर पाहणाऱ्याला दोन्ही अंतरे सारखीच वाटतात. उलट अंतराच्या काटेकोर प्रमाणात सेकंद द्यावेत तर आठ सेकंदांच्या पहिल्या तुकड्यामागे दुसऱ्याला एक सेकंदही येत नाही आणि डोळ्यांना काही उमगत नाही. आम्ही मधला मार्ग काढला. छोट्या तुकड्याला दोन सेकंद दिले, पण नकाशाचा आकार शेवटपर्यंत बदलला नाही. रेघ आखूड ती आखूडच दिसली.

आता प्रकरणांविषयी. यूट्यूबवर प्रकरणे पाडायची तर व्हिडिओखालच्या वर्णनात वेळ आणि नाव एकेका ओळीत लिहायचे असते. पहिली ओळ शून्यापासून सुरू व्हावी लागते, निदान तीन ओळी चढत्या क्रमाने लागतात आणि कोणतेही प्रकरण दहा सेकंदांहून लहान चालत नाही. आमची पहिली ओळ बाराव्या सेकंदापासून होती, कारण आधी आम्हा सहाजणांची नावे झळकत होती. परिणामी एकही प्रकरण उमटले नाही. व्हिडिओखालची पट्टी तुकड्यांत विभागलेली दिसली नाही की ओळखावे, यादीत कोठेतरी चूक आहे. ती सुधारल्यावर आम्ही मधला चाळीस सेकंदांचा कंटाळवाणा भाग कापला, आणि त्यापुढच्या साऱ्या वेळा चुकल्या. महेश्वरचा घाट पाहायला गेलेला माणूस आमच्या जेवणाच्या ताटावर उतरू लागला. यादी अगदी शेवटी, कापाकापी संपल्यावरच करावी, हा धडा मिळाला.

पण खरा वाद यादीतील नावांचा होता. प्रकरण फक्त मुक्कामाच्या ठिकाणाला द्यावे, असे मित्रांचे म्हणणे. त्यांच्या यादीत महेश्वर होते, जहाज महाल होता, रूपमती मंडप होता. खलघाट नव्हते, कारण आम्ही तेथे पाच मिनिटेच थांबलो होतो. मला हे पटले नाही. मांडवचा सुलतान बाजबहादूर मोगलांपुढे हरून खानदेशच्या फारुकींच्या आश्रयाला आला. त्याचा पाठलाग करत आलेला अकबराचा सरदार पीर महंमद १५६२ मध्ये माघारी जाताना नर्मदेत बुडाला. खानदेश आणि माळवा यांच्यामध्ये नर्मदा नेहमीच आडवी आलेली आहे. आणि इतके मागे तरी कशाला जावे? १८ जुलै २०२२ रोजी इंदूरहून अमळनेरला येणारी आपली एस. टी. खलघाटच्याच पुलावरून नर्मदेत कोसळली आणि बारा माणसे गेली. खानदेशातला कोणताही माणूस त्या पुलावरून जाताना क्षणभर गप्प होतो. आमची जीपही गप्प झाली होती. तो क्षण आमच्याजवळ चित्रित होता आणि आम्ही तो टाकून देणार होतो, कारण ते 'प्रेक्षणीय स्थळ' नव्हते!

शेवटी यादी अशी ठरली:

```
0:00 शिरपूर ते बिजासन
2:10 खलघाट : नर्मदेवरचा पूल
3:35 महेश्वर : घाट आणि किल्ला
8:20 मांडवगड : जहाज महाल
11:40 मांडवगड : रूपमती मंडप
```

प्रत्येक नव्या टप्प्याच्या आरंभी नकाशातला त्या टप्प्याचा तुकडा ठेवला, आणि प्रकरणाची वेळ नकाशा संपल्यावरची न देता तो सुरू होतानाची दिली. नाहीतर एकदम मांडवगडवर उडी मारणाऱ्याला नकाशा दिसलाच नसता.

आमच्या एका प्राध्यापकांनी यावर आक्षेप घेतला. प्रवासवर्णन वाहते असावे, त्याचे असे कप्पे केले की वाचक सोयीचे तेवढे उचलतो आणि प्रवास हरवतो, असे ते म्हणाले. आक्षेप रास्त आहे. अहिल्याबाईंचे महेश्वर पाहून पाच मिनिटांत उठणारे प्रेक्षक आम्हालाही भेटले. पण प्रकरणे न पाडल्याने असा माणूस सारे पाहील असे नाही. तो अंदाजाने पट्टी ओढत पुढे जाईल, इतकेच. कप्प्यांना जोडण्याचे काम नकाशाचे आहे. रूपमती मंडपावरून हवा स्वच्छ असली की खाली निमाडचे सपाट रान आणि त्यापलीकडे नर्मदेची चंदेरी रेषा दिसते. नकाशावर रेघ नदी ओलांडून वर चढताना ज्याने पाहिली आहे, त्याला ही तीच खलघाटची नर्मदा, हे सांगावे लागत नाही. ज्याने पाहिली नाही त्याच्यापुढे ते एक सुंदर दृश्य असते, एवढेच.

दुसरा व्लॉग आईने पुन्हा पाहिला. रेघ पळासनेरहून घाटात शिरली तेव्हा तिने हात जोडले. पुढे रेघ चालतच राहिली. सेंधवा गेले, जुलवानिया गेले, आणि आई बोटाने मोजावे तशी तिच्याकडे पाहत राहिली. रेघ नर्मदेपाशी पोचल्यावर तिने विचारले की मायपासून येथवर यायला किती वेळ लागतो. मी सांगितले, दीड-दोन तास. "मंग जवळच शे," ती म्हणाली.

पहिल्या व्लॉगातली कमान दिसायला अधिक देखणी होती, हे मी आजही मान्य करतो. पण तिच्यावरून हा प्रश्न विचारता आला नसता.

— द्वितीय वर्ष, कला