स्कॅन शून्य, म्हणून होर्डिंग फुकट?

मंडळी, हल्ली जाहिरातीच्या मीटिंगमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं: "क्यूआरवर स्कॅनच नाहीत, म्हणजे होर्डिंग फेल." पुढच्याच स्लाइडवर बजेट कापलेलं असतं. हा निष्कर्ष साफ चुकीचा आहे. आणि तो काढण्यात आपणच, म्हणजे डॅशबोर्ड बनवणारी जमात, सगळ्यात पुढे असतो. म्हणून आज जरा भांडणारच आहे.

पुण्या-मुंबईचं उदाहरण कशाला, वाशीम जिल्ह्यातलं शेलूबाजार घेऊ. गावाजवळ समृद्धी महामार्गावर चढण्या-उतरण्याची सोय आहे, आणि गावात एसटीची वाट बघत उभी असलेली माणसं आहेत. समजा, एक मीटर रुंदीचा कोड दोन्हीकडे लावला. ढोबळ नियम असा की कोड त्याच्या रुंदीच्या दहापट अंतरावरून वाचता येतो, म्हणजे हा दहा मीटरवरून. समृद्धीवर कारला ताशी 120 किमीची मुभा आहे, म्हणजे सेकंदाला 33 मीटर. शेजारी बसलेल्याने फोन काढून, कॅमेरा उघडून नेम धरायला सहा सेकंद घेतले, तर तेवढ्यात गाडी 200 मीटर पुढे. त्या अंतरावरून वाचायला कोड 20 मीटर रुंद हवा! तिथला शून्य हा वेगाचा आकडा आहे, जाहिरातीचा नव्हे. स्टँडवर उभ्या माणसाला तोच कोड सहज वाचता येईल.

बरं, मग कोडऐवजी खास पत्ता छापू, उदाहरणार्थ दुकानाच्या साइटपुढे `/shelu`. सर्व्हरवर एक ओळ पुरते:

```
location = /shelu { return 302 /?utm_source=hoarding&utm_campaign=shelu; }
```

इथे 301 वापरू नका. ब्राउझर तो लक्षात ठेवतो, मग त्याच फोनवरून दुसऱ्यांदा आलेला माणूस या ओळीवर मोजलाच जात नाही. पण खरी गळती वेगळीच आहे. माणूस घरी जाऊन `/shelu` टाइप करत नाही, दुकानाचं नाव गूगलवर टाकतो किंवा सरळ फोन लावतो. श्रेय गूगलला, बदनामी होर्डिंगची. उलट कुणी तो दुवा व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे ढकलला, की होर्डिंग न पाहिलेले लोकही त्याच्या खात्यात जमा.

घरांच्या जाहिरातीत तर आणखी गंमत. महारेराने 1 ऑगस्ट 2023 पासून प्रकल्पाच्या जाहिरातीत क्यूआर सक्तीचा केला. तो महारेराच्या साइटवर नेतो, बिल्डरच्या नाही. म्हणजे जो ग्राहक आधी कागदपत्रं तपासतो, तो बिल्डरच्या मोजणीत येतच नाही.

मग मोजायचं कसं? समजा ठिबक सिंचनाचं दुकान आहे. चौकशीला आलेल्या प्रत्येकाला गाव विचारायचं आणि वहीत लिहायचं. एक महिना जाहिरातीविना, पुढचा महिना शेलूबाजारात फक्त होर्डिंग, कारंजात पेपरात घालून फक्त पत्रकं, आणि रिसोडात काहीच नाही. आकडे समजुतीपुरते माझे: आधी तिन्हीकडून 20-20 चौकशा. नंतर रिसोड 25, शेलूबाजार 50, कारंजा 40. रिसोड काहीही न करता 25 वर गेलं, म्हणजे ही हंगामाची वाढ. ती वजा केली की होर्डिंगने आणल्या 25, पत्रकांनी 15.

आता खास पत्त्यावरून आलेल्या चौकशा बघा: होर्डिंगच्या 4, पत्रकांच्या 9. डॅशबोर्ड म्हणतो पत्रकं दुपटीने भारी, वही म्हणते होर्डिंग. कारण साधं आहे, पत्रक हातात असतं. कोडने होर्डिंगच्या सहा चौकशांपैकी जेमतेम एक पकडली, पत्रकांच्या पाचांपैकी तीन. दोन माध्यमांचे स्कॅन शेजारी ठेवून तुलना करणं म्हणजे दोन वेगळ्या भोकांच्या चाळण्यांतून धान्य चाळून, खाली काय पडलं त्यावर पिकाचा अंदाज बांधणं.

ही पद्धतही देववाणी नाही. एवढ्या लहान आकड्यांत 25 चे 15 किंवा 35 सहज होतील. रिसोडात मध्येच दुसरं दुकान उघडलं तर तुलनाच कोसळेल. म्हणून महिने बदलून, गावांची अदलाबदल करून पुन्हा करावं लागतं.

पण मग क्यूआर काढूनच टाकायचा का? मुळीच नाही. तो "किमान इतके तरी आले" एवढं सांगतो, आणि एकाच मापाचे कोड सारख्याच दोन चौकांत लावले तर कुठला चौक बरा हेही सांगेल. त्यापलीकडे त्याला साक्षीला उभं करू नका. पुढच्या मीटिंगमध्ये कुणी शून्य दाखवून होर्डिंग कापायला निघालं, तर एवढंच विचारा: जाहिरात नसलेल्या गावाचा आकडा कुठाय? तो नसेल तर त्या स्लाइडवर मोजमाप नाहीये, नुसतं मत आहे.

असो. वही कुणी ठेवत असेल तर आकडे जरूर कळवा :-)