एकटीच बोट, तरी तोटा

अर्थशास्त्राच्या वह्यांमध्ये एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या उतरवलं जातं: मक्तेदाराला नेहमी असाधारण नफा मिळतो. त्याखाली एक आकृती असते. मागणीची रेघ वरून खाली येते, सरासरी खर्चाची वाटीसारखी रेघ तिच्या पोटात बसते आणि दोघींच्या मधला आयत पेन्सिलीने छायांकित केलेला असतो. आकृती बरोबर आहे, वाक्य चूक आहे. पदवीच्या पहिल्या वर्षाच्या एका वर्गात या वाक्यावरून दोघांची जुंपली, तेव्हा ही चूक फळ्यावर उघडी पडली.

पूर्वपक्ष खिडकीजवळच्या मुलाचा होता. ‘‘बाजारात विकणारा एकच. भाव तोच ठरवणार. मग तोटा होईलच कसा? झालाच तर भाव वाढवेल की.’’ त्याच्या म्हणण्याला नुसतं पाठांतर म्हणून झटकून टाकता येत नाही. औषधाचं पेटंट हाती असलेल्या कंपन्या पाहिल्या की कोणालाही असंच वाटेल.

उत्तरपक्ष पहिल्या बाकावरच्या मुलीने घेतला, पण सुरुवात चुकीच्या ठिकाणाहून केली. ‘‘मुंबईची मोनोरेल बघ. देशातली एकमेव. २०१४ साली सुरू झाली आणि तोट्यातच राहिली.’’

‘‘ती मक्तेदार कुठे आहे?’’ मुलगा म्हणाला. ‘‘वडाळ्याहून निघणाऱ्याला बस आहे, लोकल आहे, टॅक्सी आहे. शिवाय तिकिटाचा दर नफ्याकडे बघून लावलेला नाही. एकमेव असणं वेगळं, मक्तेदार असणं वेगळं.’’

हा मुद्दा त्याने निर्विवाद जिंकला. असल्या वादात सरकारी तोट्याची उदाहरणं हमखास निघतात आणि ती नेमकी इथेच लटकी पडतात. भाव स्वतः न ठरवणाऱ्याचा तोटा हा मक्तेदारीविरुद्धचा पुरावा होत नाही. खरा पुरावा द्यायचा तर मक्तेदार पक्का हवा, त्याला भावाची पूर्ण मोकळीक हवी, त्याचा हेतू फक्त नफ्याचा हवा. आणि एवढं सगळं देऊनही तो तोट्यात जायला हवा.

मग मुलीने खडू घेतला आणि खाडी काढली. दोन्ही काठांवर गावं, मध्ये गाड्या वाहून नेणारी एकच फेरीबोट. पूल नाही, आणि रस्त्याने जायचं तर खाडीला लांबचा वळसा. आकडे तिने हिशेबाला सोपे असे मनाचेच घेतले. भाडं २०० रुपये ठेवलं तर एकही गाडी चढत नाही. दर रुपयाला भाडं उतरवलं की रोज एक गाडी वाढते. म्हणजे १५० रुपयांना ५० गाड्या, १०० रुपयांना १००. प्रत्येक जादा गाडीमागे डिझेल आणि चढउताराची मजुरी मिळून ४० रुपये जातात. फळ्यावर ही ४० रुपयांची आडवी रेघ म्हणजे सीमांत खर्च.

मक्तेदाराची खरी अडचण इथे दिसते. एक गाडी वाढवायची तर भाडं सगळ्यांनाच उतरवावं लागतं, म्हणून वाढलेल्या गाडीमागे हाती येणारी भर, म्हणजे सीमांत प्राप्ती, भाड्यापेक्षा कमी भरते. तिची रेघ मागणीच्या रेघेच्या दुप्पट वेगाने उतरते. ती ४०च्या रेघेला ८० गाड्यांवर छेदते.

‘‘म्हणजे भाडं ४०!’’ मुलगा म्हणाला. परीक्षेत निम्मे गुण इथेच जातात. छेदबिंदू सांगतो तो गाड्यांचा आकडा. भाडं वाचायचं तर त्या बिंदूतून सरळ वर जाऊन मागणीच्या रेघेला टेकावं लागतं. तिथे १२० रुपये लिहिलेले असतात. दर गाडीमागे खर्च वजा जाता ८० रुपये सुटतात आणि ८० गाड्यांचे मिळून रोज ६,४०० होतात.

‘‘झाला की नफा,’’ मुलगा म्हणाला. ‘‘बोट फुकट मिळाली का?’’ मुलीने विचारलं.

१८३८ साली फ्रेंच गणितज्ञ कूर्नो याने मक्तेदारीचं गणित पहिल्यांदा नीट मांडलं, तेव्हा त्याने औषधी पाण्याच्या झऱ्याच्या मालकाचं उदाहरण घेतलं होतं. झऱ्याला भांडवल लागत नाही, पाण्याला खर्च येत नाही, त्यामुळे येईल तो पैसा नफाच. खर्च त्याने पुढे हिशेबात घेतलाही. पण मक्तेदार म्हटलं की आजही सगळ्यांच्या डोळ्यांसमोर तो झराच येतो, असं प्रस्तुत लेखकाचं मत आहे. सीमांत प्राप्तीची आकृती वर्गावर्गांत नेण्याचं मोठं श्रेय जोन रॉबिन्सन यांच्या १९३३ सालच्या पुस्तकाकडे जातं.

बोट मात्र झरा नव्हे. तिच्या कर्जाचा हप्ता, विमा आणि खलाशांचा पगार एकही गाडी चढली नाही तरी द्यावाच लागतो. हा स्थिर खर्च रोज ५,००० धरला, तर तो ८० गाड्यांवर वाटल्यावर गाडीमागे साडेबासष्ट रुपये पडतात आणि ४० मिळवून सरासरी खर्च एकशेदोन रुपये पन्नास पैसे होतो. भाडं १२०. मधल्या साडेसतरा रुपयांना ८० ने गुणलं की १,४०० रुपये, म्हणजे वहीतला छायांकित आयत. इथपर्यंत पूर्वपक्ष सुखरूप.

मुलीने डस्टरने फक्त सरासरी खर्चाची रेघ पुसली. बाकी कशालाही हात लावला नाही. स्थिर खर्च रोज ८,००० धरून तिने ती पुन्हा काढली. आता ८० गाड्यांवर सरासरी खर्च १४० येतो. भाडं तेच १२०, गाड्या त्याच ८०, मक्तेदारी तीच. आयतही तसाच काढता येतो, पण आता तो १२० रुपयांच्या भाड्याच्या पातळीवर, तिच्या वरच्या बाजूला बसतो आणि त्याचं क्षेत्रफळ १,६०० रुपये तोटा असतं.

‘‘मग भाडं वाढव ना!’’

मुलीने १५० लावून दाखवले. गाड्या ५० उरल्या, प्रत्येकीमागे ११० सुटले, म्हणजे एकूण ५,५०० आणि तोटा २,५००. मुलाने उलट्या बाजूने १०० लावून पाहिले. गाड्या १००, प्रत्येकीमागे ६०, एकूण ६,००० आणि तोटा २,०००. १२० रुपयांवरून कुठल्याही बाजूला सरका, तोटा वाढतोच. नव्या फळ्यावर सरासरी खर्चाची रेघ मागणीच्या रेघेला कुठेच शिवत नव्हती. एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत ती वरच होती. पूर्वपक्षाचा कणा असलेलं वाक्य, ‘भाव वाढवेल की’, इथे मोडलं. मक्तेदाराला मागणीच्या रेघेवरचा हवा तो बिंदू निवडता येतो. रेघ उचलून वर ठेवता येत नाही.

‘‘हे आकडे तू मुद्दाम असे घेतलेस. खऱ्या जगात कोण एवढं भांडवल घालून असा धंदा काढेल?’’ मुलाने विचारलं. प्रश्न रास्त होता आणि त्याचं उत्तर आकाशात होतं.

मोटोरोलाच्या पाठबळावर उभ्या राहिलेल्या इरिडियम कंपनीने १ नोव्हेंबर १९९८ रोजी ६६ उपग्रहांच्या जोरावर फोनसेवा सुरू केली. हातात धरायच्या फोनवरून पृथ्वीच्या कुठल्याही टोकावरून बोलता येईल अशी दुसरी सेवा त्या वेळी नव्हती. शहरात मोबाइल होताच, पण भर समुद्रात किंवा हिमशिखरावर इरिडियम एकटीच होती. दर ठरवायला ती मोकळी होती आणि तिने ते चढेच लावले. उभारणीला सुमारे ५ अब्ज डॉलर लागले होते. विटेएवढा फोन, तोही छपराखाली नीट न चालणारा. गिऱ्हाइकं आली ती मोजकी. ऑगस्ट १९९९ मध्ये, सुरुवातीला वर्षही झालं नव्हतं, कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

पुढचा भाग फळ्यावरच्या आकृतीला अधिक जवळचा आहे. २००० सालाच्या अखेरीस नव्या मालकांनी ते सगळं जाळं अवघ्या अडीच कोटी डॉलरच्या आसपास किमतीला घेतलं. उपग्रह तेच होते आणि समुद्रावरची, रानावनातली गरजही तीच होती. सोबत अमेरिकी संरक्षण खात्याचं कंत्राट मिळालं, हा हातभार नाकारता येत नाही. पण मुख्य बदल झाला तो खर्चाच्या रेघेत. आधीच्या मालकांचे अब्जावधी बुडीत गेले आणि ती रेघ धाडकन खाली आली. सेवा आजही चालू आहे.

उत्तरपक्षाचीही एक बाजू मात्र लंगडी होती. ‘‘तोट्यातला मक्तेदार धंदा बंदच करणार,’’ असं मुलगी म्हणाली आणि मुलाने तिला बरोबर पकडलं. ‘‘तुझ्या ८,००० पैकी हप्ते किती?’’ तिने ६,००० धरले. ‘‘मग बोट बांधून ठेवली तर फक्त पगार आणि विम्याचे २,००० वाचतील. हप्त्यांचे ६,००० भरावेच लागतील. चालवली तर तोटा १,६००. कुठला शहाणा बंद करेल?’’ अल्पकाळात बोट तोट्यातही चालते, कारण बंद ठेवणं त्याहून महाग पडतं. बोट जुनी होऊन नवी घ्यायची वेळ आली, की मात्र मालक आकृती पुन्हा काढतो आणि खर्चाची रेघ वरच दिसली तर नवी बोट घेत नाही. अनुदानाविना वर्षानुवर्षं टिकलेला मक्तेदार निदान तोट्यात नसतो, एवढं पूर्वपक्षातलं शिल्लक राहिलं. ‘तोट्यात नसणं’ आणि ‘नेहमी असाधारण नफा’ यांत मात्र अंतर आहे.

ते अंतर दाखवायला मुलगाच फळ्याशी गेला. त्याने ५,००० स्थिर खर्चाची पहिली, नफ्याची आकृती पुन्हा काढली. ‘‘समज, ही बोट चालवायचा मक्ता लिलावाने देतात आणि बोली लावायला पाच-सहा जण आहेत. कोण कुठवर बोलेल?’’

‘‘रोजच्या १,४०० पर्यंत,’’ मुलगी म्हणाली. ‘‘त्याखाली बोली थांबली तर दुसरा कोणीतरी थोडी वाढवेल.’’

स्थिर खर्च आता ६,४०० झाला. मुलाने सरासरी खर्चाची रेघ जपून ओढली. ८० गाड्यांवर ती बरोबर १२० रुपयांना मागणीच्या रेघेला नुसती टेकली आणि पुन्हा दूर गेली. आयत उरलाच नाही. मालकाला स्वतःची मजुरी आणि गुंतवलेल्या पैशाचा रास्त मोबदला सुटत होता, कारण तो खर्चातच धरलेला होता. वर एक रुपयाही नाही. प्रवाशाला भाडं तेवढंच, १२०.

‘‘मग ते १,४०० गेले कुठे?’’ मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं. मुलाने फळ्याच्या कोपऱ्यात, आकृतीच्या बाहेर, तेवढाच आयत काढला आणि त्यात लिहिलं: लिलाव करणारा.