दुसऱ्या प्रयत्नाचा ताळमेळ



दरवर्षी ‘नीट’चा निकाल लागला की आपल्या वर्धा जिल्ह्यातील कितीतरी घरांत एकच प्रश्न उभा राहतो : मुलाने पुन्हा बसावे की नाही? सेवाग्रामचे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान 1969 पासून आपल्या शेजारी उभे आहे. पूर्वी त्याची स्वतंत्र प्रवेश परीक्षा असे आणि तीत गांधीविचारांचीही प्रश्नपत्रिका असे. आता तेथील दारही ‘नीट’मधूनच उघडते. या परीक्षेला किती वेळा बसावे यावर मर्यादा नाही. त्यामुळे पुन्हा बसण्याची परवानगी मिळवावी लागत नाही. मिळवावा लागतो तो विश्वास. आणि तो ‘तू करू शकशील’ या वाक्याने परत येत नाही, कारण हेच वाक्य त्या मुलाने पहिल्या परीक्षेपूर्वीही ऐकलेले असते.

बँकेत रोकडवही आणि हातातील रोकड जुळली नाही, तर आम्ही धीर देत बसत नसू. फरक कोठे आहे ते शोधत असू. फरक सापडला की धीर आपोआप येई. परीक्षेतील अपयशालाही हाच मार्ग लागू पडतो. त्याची सामग्री विद्यार्थ्याच्या हाती असतेच. ‘नीट’ची प्रश्नपुस्तिका घरी नेता येते. एनटीए आपल्या संकेतस्थळावर अधिकृत उत्तरसूची आणि विद्यार्थ्याच्या ओएमआर उत्तरपत्रिकेची प्रतिमा काही दिवस उपलब्ध करून देते. ती त्याच वेळी उतरवून घ्यावी.

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, हिंगणघाटच्या एका विद्यार्थिनीला 720 पैकी 472 गुण मिळाले. परीक्षेत 180 प्रश्न असतात. बरोबर उत्तरास चार गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तरामागे एक वजा होतो. तिची 128 उत्तरे बरोबर, 40 चूक आणि 12 प्रश्न कोरे. एवढ्यावरून घरात निष्कर्ष निघतो, ‘हिला फारसे येत नाही.’ तिनेही तोच मनाशी धरलेला असतो.

पण सोडविलेल्या 168 प्रश्नांचे तीन खाती पाडून पाहू. ज्यांविषयी तिला खात्री होती ते ‘पक्के’, दोन पर्यायांत मन अडले होते ते ‘साशंक’ आणि काहीच ठाऊक नसता गोल भरला तो ‘अंदाज’. साशंक खात्यात 30 प्रश्न निघाले. 16 बरोबर, 14 चूक, म्हणजे निव्वळ 50 गुणांची भर. अंदाजाचे प्रश्न 12. दोन बरोबर, दहा चूक, म्हणजे दोन गुणांचा तोटा. पक्क्या खात्यात 126 प्रश्न. त्यांत 110 बरोबर आणि 16 चूक.

गळती येथे आहे. येत असलेला प्रश्न चुकला की चार गुण मिळत नाहीत आणि एक जातो, म्हणजे पाच गुणांचा फटका. सोळा प्रश्नांचे 80 गुण झाले. त्या सोळांत समजा सात ठिकाणी भौतिकशास्त्रातील एकके बदलताना किंवा आकडेमोडीत चूक झाली, पाच ठिकाणी ‘अयोग्य विधान कोणते’ हे वाचताना ‘योग्य’ असे घेतले आणि चार ठिकाणी मुळातच चुकीचे पाठ झाले होते. ‘मला काही येत नाही’ या वाक्याच्या जागी आता तीन नेमकी कामे उभी राहिली. त्यांतील निम्मी साधली तरी 40 गुण वाढतात.

येथे एक सावधगिरी हवी. उत्तरसूची पाहिल्यावर ‘हे तर मला येतच होते’ असे प्रत्येकाला वाटते. म्हणून चुकलेला प्रश्न दोन दिवसांनी कोऱ्या कागदावर, पुस्तक मिटून पुन्हा सोडवावा. सुटला तर ती निसटलेली चूक. न सुटला तर तो अभ्यास झालेलाच नव्हता. बहुतेक प्रश्न या दुसऱ्या गटात गेले, तर सरावपत्रिकांचा ढीग उपयोगाचा नाही. धडा मुळापासून शिकावा लागेल. तसे वर्ष घेण्याची त्या मुलाची तयारी आहे का, हा निर्णय मग शांतपणे करता येतो.

दुसऱ्यांदा बसणाऱ्याची खरी फसवणूक ओळखीची होते. तीच टिपणे पुन्हा वाचताना सारे परिचित वाटते आणि परिचयालाच ज्ञान समजले जाते. 2006 मध्ये रोडिगर व कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी वाचून तो आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्याने आठवून लिहिणारे पुढे गेले. मात्र आपल्या स्मरणाविषयी अधिक विश्वास वाचणाऱ्यांनाच होता! म्हणजे विश्वास वाटणे हा तयारीचा पुरावा नव्हे. उलट, पुस्तक मिटून लिहिताना जो अवघडलेपणा जाणवतो, त्यातूनच टिकाऊ तयारी होत असते. त्याने खचू नये.

म्हणून चातुर्मासाच्या काळात रोज एका प्रकरणाचे 20 प्रश्न घ्यावेत. उत्तर तपासण्यापूर्वी प्रत्येकापुढे ‘प’, ‘सा’ किंवा ‘अं’ असे लिहावे आणि मग ताळमेळ घालावा. चुकलेले प्रश्न तीन दिवसांनी व पुन्हा आठवड्याने सोडवावेत. महिनाअखेर ‘प’ लिहिलेल्या शंभरांपैकी किती बरोबर आले ते पाहावे. ते 87 वरून 95 कडे सरकत असतील, तर विश्वासाला आधार मिळाला. अल्बर्ट बंडुरा यांनी 1977 मध्ये हेच मांडले : स्वतः पार पाडलेले काम हा आत्मविश्वासाचा सर्वांत बळकट स्रोत, इतरांचे धीराचे शब्द त्याहून दुबळे. दिवाळीनंतर पूर्ण तीन तासांच्या पत्रिका सुरू कराव्यात, त्याही दुपारी दोन ते पाच या परीक्षेच्याच वेळेत, म्हणजे जेवणानंतरच्या सुस्तीचाही सराव होतो.

घरच्यांनी ‘किती गुण पडले?’ असे रोज विचारू नये. आठवड्यातून एकदा ती वही मागावी. त्याच वर्षी बी.एस्सी.सारख्या अभ्यासक्रमात प्रवेश घेऊन ठेवायचा की पूर्ण वर्ष मोकळे ठेवायचे, खर्च किती आणि हा प्रयत्न शेवटचा की नाही, हे आरंभीच सर्वांनी बसून लिहून काढावे. अनिश्चिततेचे ओझे मुलाच्या मनावर राहू नये.

मात्र मुलाची झोप व जेवण बिघडले, बोलणे थांबले, ‘माझा काही उपयोग नाही’ असे शब्द येऊ लागले, तर वही बाजूला ठेवून डॉक्टरांना भेटावे. शासनाच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा क्रमांक विनामूल्य आहे आणि अहोरात्र चालतो. हिशेब पुढच्या वर्षीही करता येतो.

आपल्या घरी यंदा असे मूल असेल, तर या रविवारी प्रश्नपुस्तिका आणि उत्तरसूची घेऊन त्याच्याजवळ बसा. उपदेश करू नका. फक्त तीन खाती आखून द्या आणि आकडे त्यालाच लिहू द्या.