स्वयंपाकघरातून : पिझ्झ्यावरचं तळं



गेल्या महिन्यात आईला पंचाहत्तर पूर्ण झाली. नातवंडांनी परस्पर ठरवून टाकलं, की यंदा आजीला केक नको, घरचा पिझ्झा करायचा. पुण्याचा भाचा निघाला, वाटेत निपाणीला आजीला गाडीत घेतलं आणि शनिवारी दुपारी दोघं आमच्याकडे बेळगावला हजर. भाच्याने बर्फाच्या डब्यातून ताज्या मोझरेलाचे गोळे आणले होते, पांढरेशुभ्र, पाण्यात तरंगणारे. "आत्या, खरा पिझ्झा ह्याच चीजचा. ते लादीचं चीज फ्रीजमध्येच राहू दे."

रविवारी बारा माणसं जेवायला यायची होती, म्हणून शनिवारी संध्याकाळी एक करून बघितला. दहा इंचाची पोळी, वर टोमॅटोचा सॉस आणि १२५ ग्रॅमचा एक गोळा हाताने तोडून. आमचा ओटीजी २५० अंशांपर्यंतच जातो. अर्धा तास तापवून पिझ्झा दहा मिनिटं आत ठेवला. बाहेर काढला तर मधोमध पांढरट तळं. कडा भाजलेल्या, पण मधला भाग उचलला की खाली लोंबत होता. आईने बोटाने दाबून बघितलं आणि म्हणाली, "पाणी सुटायलंय की गं. खालचं पीठ कच्चंच हाय." तिच्या वाढदिवशी तिच्याच ताटात हे वाढायचं? मग आम्ही आत्या-भाचे वजनकाटा घेऊन बसलो.

आधी हिशोब मांडला. ताज्या मोझरेलात साधारण ५२ ते ६० टक्के पाणी असतं, तर पिझ्झ्यासाठी मिळणाऱ्या कमी ओलाव्याच्या लादीत ४५ ते ५२. साठ टक्के धरले तर १२५ ग्रॅमच्या गोळ्यात ७५ ग्रॅम पाणी. लादीत ४८ टक्के धरले तर तेवढ्याच वजनात ६० ग्रॅम. फरक पंधरा ग्रॅमचा, म्हणजे तीन चमचे. भाचा म्हणाला, "एवढ्याने तळं होतं?"

नुसत्या एवढ्याने नाही. पाणी किती आहे यापेक्षा ते कसं धरलेलं आहे, हे महत्त्वाचं. ताज्या मोझरेलात प्रथिनांच्या तंतूंमधल्या फटीत पाणी मोकळं बसलेलं असतं. ऊब लागली की तंतू आकसतात आणि ते पाणी पिळून बाहेर पडतं. लादीचं चीज मात्र तयार झाल्यावर बहुधा दोन-तीन आठवडे थंडीत मुरू देतात. त्या काळात प्रथिनं फुगून मोकळं पाणी स्वतःत शोषून घेतात. म्हणून लादीत निम्मं पाणी असूनही ती तव्यावर रडत नाही.

ताजा गोळा सुधारायचा कसा, ते आईनेच सांगितलं. "चक्का बांधतीस तसं बांध की." दुसरा गोळा बोटभर जाड कापला, मलमलच्या फडक्यावर चाळणीत पसरला, वरून फडकं झाकून दोन तास फ्रीजमध्ये ठेवला. १२५ चे १११ ग्रॅम झाले. चौदा ग्रॅम पाणी गेलं, तरी उरलेल्यात ते ५५ टक्के आहेच. म्हणजे निथळलेला गोळा सुधारतो, पण त्याची लादी होत नाही. त्याचा पिझ्झा केला तेव्हा तळं गेलं, मध्ये थोडा ओलसरपणा राहिला.

मग रंगाचा प्रश्न आला. निथळलेलं चीजही पांढरंच राहिलं होतं. लादी किसून केलेल्या तिसऱ्या पिझ्झ्यावर मात्र छान तपकिरी ठिपके आले. बेळगावच्या माणसाला हे समजावायला कुंदा पुरे आहे. कढईत दूध पातळ असेपर्यंत कितीही उकळा, ते पांढरंच राहतं. पाणी आटलं की मगच रंग चढायला लागतो. कारण पाणी आहे तोवर पदार्थ शंभर अंशांच्या फारसा वर जात नाही, आणि दुधातली साखर व प्रथिनं मिळून जो तपकिरी रंग होतो, त्याला भराभर चढायला साधारण १४० अंश लागतात. ताज्या चीजचे दहा मिनिटं पाणी उडवण्यातच जातात.

नापोलीत हेच ताजं चीज कसं चालतं, असं भाच्याने विचारलं. तिथली लाकडाची भट्टी ४३० अंशांच्या वर असते आणि पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत बाहेर येतो. चीजला पाणी सोडायला सवडच मिळत नाही. चीज चांगलंच आहे, पण ते त्या भट्टीसाठी. आपल्या ओटीजीत ते सात ते दहा पट वेळ बसतं.

राहिली तार. माझ्या मुलीने विचारलं, "पनीरला तार का येत नाही?" पनीर करताना तापलेलं दूध लिंबाने फाडतो. त्यात प्रथिनांना बांधून ठेवणारं कॅल्शियम बरंच निघून जातं आणि प्रथिनांचा घट्ट गोळा होतो, जो वितळतच नाही. मोझरेलाचं दही रेनेटने लावतात, हळूहळू बेताचं आंबवतात आणि गरम पाण्यात मळून ताणतात. थोडं कॅल्शियम जातं, थोडं राहतं, म्हणून तंतू एकमेकांना धरूनही सरकतात. ताज्या गोळ्याची तार आखूड आणि दुधाळ येते. थोड्या मुरलेल्या लादीची लांब येते. पण फार जुन्या लादीतली प्रथिनं तुटत जातात, मग ती तार न देता नुसती पसरते आणि तेल सोडते. पाकिटातल्या किसलेल्या चीजला चिकटू नये म्हणून पीठ लावलेलं असतं. ते उशिरा वितळतं, म्हणून लादी घरीच किसावी.

रविवारी दोन्ही वापरली. प्रत्येक पिझ्झ्यावर सॉस अगदी पातळ थराचा, त्यावर ८० ग्रॅम किसलेली लादी. सात मिनिटांनी दार उघडून निथळलेल्या ताज्या चीजचे ४० ग्रॅम तुकडे वर टाकले आणि शेवटची तीन मिनिटं भाजलं. खाली रंग आणि तार, वर ताज्या दुधाची चव. झाला की नाही हे ओळखायला वरचे ठिपके बघत बसू नका. उलथण्याने पोळी उचलून तळ बघा. तिथे तपकिरी चट्टे हवेत आणि मधला तुकडा उचलल्यावर टोक खाली वाकता कामा नये. मग दोन मिनिटं जाळीवर ठेवूनच कापा.

आईने पहिला तुकडा घेतला. तार हनुवटीपर्यंत आली, तशी नातवंडं ओरडली. तिने ती बोटाने गुंडाळून तोंडात टाकली आणि म्हणाली, "आता शिजलंय." भाच्याने न विचारता दुसरी लादी किसायला घेतली.